१० किलोमीटरचा मार्ग मोजताना १० मीटर जास्त का धरतात?

"आमच्याकडे १० किमीची शर्यत घ्यायची आहे. सायकलला काउंटर लावून मार्ग मोजून घेतोय. मोजणारे म्हणतात, मार्ग १०,०१० मीटर निघेल. एवढं काटेकोर मोजायचं तर वरचे १० मीटर कशाला?"

कारण या पद्धतीत होणाऱ्या चुका बहुतेक एकाच बाजूला जातात, मार्ग कमी भरण्याच्या.

मोजायची असते ती धावपटूला मिळू शकणारी सर्वांत जवळची वाट. वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंमी अंतर ठेवून, आणि दोन वळणांच्या मध्ये सरळ तिरकं. सायकलवाला त्या रेषेपासून थोडा बाहेर गेला की काउंटरवर जास्तीचे आकडे चढतात. म्हणजे काउंटर '१० किमी झाले' म्हणतो, तेव्हा धावपटूच्या वाटेने १० किमी झालेले नसतात. चौकातलं काटकोनी वळण ३० सेंमीऐवजी कडेपासून १ मीटरवरून घेतलं, तर त्या एका वळणावर सुमारे १.१ मीटर गेले. पहाटेही कडेला ट्रॅक्टर, हातगाडी उभी असतेच. अशी नऊ-दहा वळणं झाली की तुमचे १० मीटर संपले. म्हणून कडेला गाडी किंवा खड्डा आडवा आला तर वळसा घालू नका. ब्रेक दाबून पुढचं चाक घट्ट धरा, सायकल उचलून काटकोनात बाजूला ठेवा, अडथळ्यापुढे सरळ जा आणि तशीच उचलून परत रेषेवर आणा. चाक फिरलं नाही, तर आकडाही सरकत नाही.

दुसरं कारण टायर. काउंटर पुढच्या चाकाच्या ॲक्सलवर बसतो. प्रचलित जोन्स काउंटर चाकाच्या एका फेऱ्याला साधारण २३.६ आकडे पुढे जातो, म्हणजे एक आकडा सुमारे ९ सेंमीचा. एका किलोमीटरला नेमके किती आकडे, हे पोलादी टेपने मोजलेल्या निदान ३०० मीटरच्या सरळ, सपाट पट्ट्यावर ठरवतात. मोजणीआधी चार फेऱ्या आणि मोजणीनंतर पुन्हा चार, त्याच दिवशी, त्याच माणसाने.

समजा सकाळी ३०० मीटरच्या पट्ट्यावर सरासरी ३,३७७ आकडे आले. किलोमीटरला झाले ११,२५६.७. त्याला १.००१ ने गुणा: ११,२६७.९. हाच तो एक हजारांश, किलोमीटरमागे १ मीटर. १० किमीसाठी काउंटर १,१२,६७९ आकडे पुढे न्यायचा.

आता मराठवाड्यातली थंडी धरा. पहाटे स्वेटर आणि अकराला कडक ऊन. टायरमधली हवा तापते, चाक किंचित फुगतं आणि दुपारी त्याच पट्ट्यावर समजा ३,३७५ आकडे येतात. दोनच आकड्यांचा फरक, पण १० किमीत तो ६ मीटर होतो. सकाळच्या आकड्यावर मोजत ऊन चढलं, तर मार्ग थोडा लांब होतो, ते चालतं. उलटं महागात पडतं: आदल्या दुपारी आकडा काढायचा आणि दुसऱ्या पहाटे गारव्यात मार्ग मोजायचा. तेव्हा १० पैकी ६ मीटर टायरनेच खाल्लेले असतात. वळणांसाठी उरतात ४. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांपैकी मोठा धरावा, असं माझं मत आहे. मधेच पंक्चर झालं किंवा हवा भरली, तर पट्ट्यावर परत जाऊन नव्याने आकडा काढण्याला पर्याय नाही.

टेपचंही तेच. पोलादी टेप २० अंश सेल्सिअसला खरी असते. १० अंशांवर ती आखडते आणि ३०० मीटरचा पट्टा साडेतीन सेंमी कमी भरतो; १० किमीत ते १.२ मीटरच्या आसपास जातं. टेपवर लिहिलेला ताण (बहुधा ५० न्यूटन, म्हणजे स्प्रिंगच्या काट्यावर ५ किलो) द्या आणि तापमानाची दुरुस्ती कराच.

हे एवढ्यासाठी, की विक्रम झाला तर मार्ग पुन्हा मोजला जातो आणि कमी भरला तर विक्रम जातो. १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्तो सालाझारने २:०८:१३ ही विश्वविक्रमी वेळ दिली. नंतरच्या मोजणीत मार्ग सुमारे १४८ मीटर कमी निघाला. जास्त भरलेल्या मार्गाने फक्त दोन-तीन सेकंद जातात.

शर्यतीच्या आदल्या रात्री एक गोष्ट स्वतः बघा. मंडपवाले कमान सोयीच्या जागी, विजेच्या खांबाजवळ उभी करतात आणि वेळ नोंदवणारी मॅट तिच्याखालीच अंथरली जाते. मॅट मात्र मोजणीत शेवटची रेषा दाखवायला रस्त्यात ठोकलेल्या खिळ्यावरच आली पाहिजे. कमान आठ मीटर अलीकडे लागली असेल तर लागू द्या, मॅट मात्र खिळ्यापर्यंत न्या.