क्लॉक तिपटीहून वेगवान, तरी प्रोग्राम सावकाश का?

मी पुण्यात ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही एफपीजीएवर रिस्क-फाइव्ह प्रोसेसर केला, आधी सिंगल-सायकल आणि मग मल्टी-सायकल. दुसऱ्याचा क्लॉक ६४ वरून २२२ मेगाहर्ट्झवर गेला, पण तोच प्रोग्राम संपायला जास्त वेळ लागतो. परीक्षकांनी ‘मग केले कशाला?’ असे विचारले तेव्हा मला काहीच सांगता आले नाही. टायमिंग रिपोर्ट सोबत जोडला आहे. व्हीएलएसआयमध्ये जायचे ठरवले होते; आता सॉफ्टवेअरकडे वळावे का?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

प्रिय विद्यार्थिनी,

तुमचा रिपोर्ट मी नीट पाहिला. डिझाइनमध्ये चूक नाही. चूक झाली ती क्लॉकचा वेग आणि प्रोग्रामचा वेळ या दोन गोष्टी एकच मानण्यात. परीक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच आकड्यांत दडलेले आहे, म्हणून क्षेत्र बदलण्याच्या प्रश्नाकडे वळण्याआधी ते आकडे मांडून पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ते जवळच्या सरळ संख्येवर आणले आहेत. मेमरी वाचायला ४ नॅनोसेकंद, रजिस्टर फाइल वाचायला २, एएलयूला ३, डेटा मेमरीला ४ आणि रजिस्टरमध्ये परत लिहायला २ नॅनोसेकंद लागतात. याशिवाय क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला रजिस्टरचा स्वतःचा विलंब आणि सेटअप मिळून सुमारे अर्धा नॅनोसेकंद जातो.

सिंगल-सायकल रचनेत एक इन्स्ट्रक्शन एकाच ठोक्यात सुरू होऊन संपते, त्यामुळे ठोक्याची लांबी सर्वांत लांब वाटेवर ठरते. ती वाट `lw` या इन्स्ट्रक्शनची आहे. पीसीपासून निघायचे, इन्स्ट्रक्शन मेमरी, रजिस्टर फाइल, पत्ता काढण्यासाठी एएलयू आणि डेटा मेमरी ओलांडून पुन्हा रजिस्टर फाइलशी यायचे, असे पंधरा नॅनोसेकंद होतात आणि रजिस्टरचा अर्धा धरून १५.५. `add` ला डेटा मेमरी लागत नाही, तिचे काम ११.५ मध्ये होते. `bne` चे ९.५ मध्ये. तरीही दोघींना १५.५ च मोजावे लागतात. पंगतीत सर्वांत सावकाश जेवणारा उठेपर्यंत पुढची पंगत बसत नाही, तसाच हा प्रकार आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की टायमिंग तपासणारे साधन तुमचा प्रोग्राम पाहत नाही, ते केवळ वाटा मोजते. तुमच्या चाचणीच्या प्रोग्राममध्ये एकही `lw` नसली तरी ते १५.५ च सांगणार, आणि ते योग्यच आहे.

कुणी हट्टाने क्लॉक १२ नॅनोसेकंदांवर आणला, तर `add` आणि `bne` बरोबर चालतील, `lw` मात्र कधी जुनी किंमत लिहील, कधी बरोबर लिहील, आणि बोर्ड तापला की वागणूक पुन्हा बदलेल. नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये विलंबच धरलेले नसतात, म्हणून तिथे सगळे निर्दोष दिसते. रिपोर्टमधील `WNS` हा आकडा उणे ३.५ दाखवेल, तोच एक प्रामाणिक साक्षीदार. सिम्युलेशन उत्तम आणि बोर्डवर मात्र गडबड अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी हाच आकडा विचारतो.

आता मल्टी-सायकल रचना पाहू. इथे इन्स्ट्रक्शनचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यानंतर निकाल रजिस्टरमध्ये ठेवला जातो, आणि ठोका सर्वांत सावकाश तुकड्यावर ठरतो. तुमच्याकडे तो तुकडा मेमरीचा, म्हणजे ४ अधिक अर्धा, ४.५ नॅनोसेकंद, तुमचे २२२ मेगाहर्ट्झ इथून आले. `lw` ला पाच ठोके लागतात, `sw` आणि `add` ला चार, `bne` ला तीन. तुमच्या अहवालातील ॲरेची बेरीज करणारा लूप घेऊ.

```
loop: lw   t0, 0(a0)
      add  s0, s0, t0
      addi a0, a0, 4
      bne  a0, a1, loop
```

सिंगल-सायकलमध्ये एका फेरीला चार ठोके, म्हणजे ६२ नॅनोसेकंद लागतात. मल्टी-सायकलमध्ये पाच, चार, चार आणि तीन मिळून सोळा ठोके होतात, म्हणजे ७२ नॅनोसेकंद. क्लॉक तिपटीहून वेगवान झाला, पण ठोके चौपट झाले.

हा तोटा नेमका कुठे झाला, हे `lw` वर बोट ठेवून पाहता येते. तिचे खरे काम पंधरा नॅनोसेकंदांचे. रजिस्टर वाचायला दोनच लागतात, पण मेमरीच्या मापाने कापलेल्या ठोक्यात उरलेले दोन वाया जातात. एएलयूपाशी एक जातो आणि परत लिहिताना आणखी दोन. असे पाच नॅनोसेकंद तुकडे असमान असल्यामुळे गेले, आणि पाच ठोक्यांचे मिळून अडीच रजिस्टरच्या विलंबात. म्हणून २२.५. पाचही तुकडे प्रत्येकी तीन नॅनोसेकंदांचे असते, तर ठोका ३.५ चा झाला असता आणि तोच लूप ५६ नॅनोसेकंदांत संपला असता. परंतु मेमरी आपल्या सोयीने वेगवान होत नसते.

यावर बहुतेक विद्यार्थी सुचवतात की मेमरीचे दोन तुकडे करावेत. तसे केले तर सर्वांत सावकाश तुकडा एएलयूचा उरतो, ठोका ३.५ वर येतो आणि क्लॉक २८५ मेगाहर्ट्झवर जातो. पण मग `lw` ला सात ठोके, `add` आणि `addi` ला पाच-पाच आणि `bne` ला चार, असे एकूण एकवीस ठोके लागतात, आणि फेरी ७३.५ नॅनोसेकंदांची होते. वेग वाढला आणि प्रोग्राम आणखी मंदावला. उलट दिशेने जाऊन रजिस्टर वाचणे आणि एएलयू हे दोन छोटे तुकडे एकत्र केले, तर ठोका ५.५ चा होतो आणि क्लॉक १८२ मेगाहर्ट्झपर्यंत उतरतो, पण ठोके बाराच लागतात आणि फेरी ६६ मध्ये संपते. हा बदल फुकट मिळत नाही. तुमच्या रचनेत रजिस्टर वाचले जात असताना मोकळा असलेला एएलयू ब्रँचचा पत्ता काढून ठेवतो. तुकडे एकत्र केले की त्याच वेळी तो तुलनेत गुंतलेला असतो, म्हणून पत्त्यासाठी वेगळा ॲडर बसवावा लागतो. एका सुधारणेमागे असे दुसरे काहीतरी द्यावे लागते, आणि मुलाखतीत मला ऐकायला आवडते ते नेमके हेच देणे-घेणे.

मग मल्टी-सायकल करायचे कशाला? माझ्या मते याची दोन खरी कारणे आहेत. पहिले म्हणजे एकच मेमरी आणि एकच एएलयू वेगवेगळ्या ठोक्यांत पुन्हा पुन्हा वापरता येतात. दुसरे कारण वेगाचे, आणि ते तुमच्या प्रोजेक्टमध्ये दिसलेच नाही, कारण तुमच्या इन्स्ट्रक्शनच्या लांबीत फारसा फरकच नाही. त्यात गुणाकाराची `mul` घाला आणि गुणक १२ नॅनोसेकंदांचा आहे असे धरा. सिंगल-सायकलमध्ये आता सर्वांत लांब वाट तिची होते, चार, दोन, बारा, दोन आणि अर्धा मिळून २०.५ नॅनोसेकंद. वरच्या लूपमध्ये एकही गुणाकार नाही, तरी त्याची फेरी ६२ वरून ८२ वर जाते. मल्टी-सायकलमध्ये गुणाकारालाच तीन ठोके द्यायचे, बाकी कुणाला धक्का लागत नाही. एकटी `mul` सहा ठोके, म्हणजे २७ नॅनोसेकंद घेते, पण लूप ७२ वरच राहतो आणि स्पर्धेचा निकाल उलटतो. तुम्ही अभ्यासक्रमात शिकलेल्या मूळ ८०५१ मध्येही हेच आहे. बहुतेक इन्स्ट्रक्शन एक किंवा दोन मशीन सायकलच्या आणि `MUL AB` चार मशीन सायकलची. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर एक मशीन सायकल म्हणजे एक मायक्रोसेकंद. तेव्हा आपण हे पाठ केले, क्लॉकशी त्याचा संबंध लावला नाही इतकेच.

`mul` घातलीत तर एक अडचण येईल, ती आताच सांगून ठेवतो. साधनाला ही वाट तीन ठोक्यांची आहे हे माहीत नसते, त्यामुळे ते ४.५ च्या ठोक्यात १२.५ बसवू पाहते आणि `WNS` उणे ८ दाखवते. अशा वेळी त्या वाटेसाठी `set_multicycle_path` सेटअपसाठी ३ आणि होल्डसाठी २ असे द्यावे लागते. हे लिहिण्याआधी गुणकाची इनपुट खरोखर तीन ठोके स्थिर राहतात आणि निकाल तिसऱ्या ठोक्यालाच उचलला जातो, याची कंट्रोल युनिटमध्ये खात्री करून घ्या. तशी खात्री न करता ही ओळ टाकली, तर लाल आकडा नाहीसा होतो आणि चूक जिथल्या तिथे राहते. ही चूक उमेदवारीच्या काळात माझ्याच हातून झाली होती आणि ती सापडायला दोन आठवडे लागले.

तुमच्या एफपीजीएबद्दल आणखी एक गोष्ट. ब्लॉक रॅम वाचताना पत्ता क्लॉकच्या काठावर घेते, म्हणून सिंगल-सायकलमध्ये त्याच ठोक्यात माहिती मिळत नाही आणि मेमरी लुकअप टेबलांत बसवावी लागते. मल्टी-सायकलमध्ये ही अडचण येत नाही. तुम्ही दोन्हीकडे लुकअप टेबलेच वापरली आहेत, त्यामुळे तुलना समान पायावर झाली, हे अहवालात अवश्य लिहा.

आता करिअरविषयी. सॉफ्टवेअर आवडत असेल तर अवश्य जा, पण या निकालामुळे जाऊ नका. अहवालातील ‘मल्टी-सायकलमुळे वेग वाढला’ हे वाक्य काढून त्या जागी ठोक्याची लांबी, एका फेरीचे ठोके आणि दोहोंचा गुणाकार हे तीन आकडे चारही रचनांसाठी द्या: सिंगल-सायकल, तुमची मल्टी-सायकल, तुकडे एकत्र केलेली आणि `mul` घातलेली. आरटीएल डिझाइन किंवा स्टॅटिक टायमिंगच्या मुलाखतीत याच तक्त्यावरून पुढचे प्रश्न निघतील. त्यांतला पहिला बहुधा पाइपलाइनचा असेल, की ठोका ४.५ चाच ठेवून दर ठोक्याला नवी इन्स्ट्रक्शन सुरू केली तर फेरी १८ नॅनोसेकंदांच्या जवळ का येते आणि `lw` च्या लगेच मागे आलेली `add` तिला तिथे का पोहोचू देत नाही. त्याची तयारी सुट्टीत करा. गेटच्या ईसी पेपरमध्ये डेटापाथ, कंट्रोल युनिट आणि पाइपलाइन हे भाग आहेतच, त्यामुळे हा वेळ दोन्हीकडे उपयोगी पडेल. पदवीनंतर लगेच एमटेक करायचे नसेल, तर पुण्यातच सी-डॅकच्या एसीटीएसमध्ये व्हीएलएसआय डिझाइनची पदव्युत्तर पदविका आहे आणि तिचा प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. पण तो निर्णय शेवटच्या वर्षी घ्या. `mul` घातलेल्या रचनेचा टायमिंग रिपोर्ट तयार झाला की मला पाठवा. सर्वांत सावकाश वाट गुणकातून जाते की कंट्रोल युनिटमधून, हे मला पाहायचे आहे.