वीस सेकंदांच्या स्पॉटची संहिता चौतीस सेकंदांची झाली, तर काय कापावे?

प्रश्न: एफएम रेडिओसाठी २० सेकंदांची जाहिरात लिहिली आहे, पण वाचायला ३४ सेकंद लागतात. सुरुवातीचा हुक आणि ऑफर न घालवता ती कशी छोटी करावी?

मी गेली काही वर्षे स्थानिक दुकानदारांसाठी रेडिओ स्पॉट लिहितो. रेडिओवरील वेळ साधारणपणे दहा सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते. त्यामुळे वाढलेली संहिता सामावून घेण्यासाठी स्पॉट ३० किंवा ४० सेकंदांचा करायचा, तर त्याचा खर्च प्रत्येक प्रसारणामागे वाढतो, म्हणून कापणे अटळ असते. नेमके कुठे कापावे हे एका प्रत्यक्ष कामावरून सांगतो. ग्राहक गाद्यांचा विक्रेता होता आणि त्याची संहिताही २० सेकंदांसाठी ३४ सेकंदांची झाली होती. दुकानाच्या नावाच्या जागी मी येथे केवळ ‘गादी भांडार’ लिहितो.

मूळ संहिता अशी होती:

(रात्र, घड्याळाची टिकटिक)
बाई: अहो, झोपलात का?
पुरुष: झोपलो असतो गं, पण ही गादी झोपू देईल तर ना!
बाई: मग बदलून का टाकत नाही?
निवेदक: जुन्या गादीमुळे पाठ दुखते? रात्रभर कूस बदलता? आता काळजी सोडा! गेली पंचवीस वर्षे आपल्या सेवेत असलेले, सर्वांच्या विश्वासाचे एकमेव ठिकाण, गादी भांडार घेऊन येत आहे खास दिवाळीनिमित्त भव्य एक्स्चेंज ऑफर! तुमची जुनी गादी आणा आणि नव्या डबल गादीच्या खरेदीवर मिळवा तब्बल दोन हजार रुपयांची भरघोस सूट! ऑफर फक्त पंधरा नोव्हेंबरपर्यंत. आजच भेट द्या, गादी भांडार, बसस्थानकासमोर. (पुढे दहा आकडी फोन नंबर.) अटी लागू.

पहिले काम म्हणजे खरे मोजमाप. शब्द मोजून मराठीत अंदाज चुकतो, कारण ‘गादी’ आणि ‘बसस्थानकासमोर’ हे दोन्ही एकेकच शब्द आहेत. संहितेतील प्रत्येक आकडा आणि फोन नंबर अक्षरी लिहून काढावा, मग ज्या गतीने कलाकार वाचणार त्या गतीने, टिकटिकीसाठी आणि संवादांमधल्या विरामांसाठी जागा सोडून, मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचावे. मनात वाचलेली संहिता नेहमी लवकर संपते. येथे आवाज आणि विराम मिळूनच तीन-चार सेकंद जात होते, म्हणजे बोलण्यासाठी हाती सोळा-सतरा सेकंदच उरत होते.

आता हुक. तो नेमका कोठे संपतो हे ठरवल्याशिवाय तो वाचवता येत नाही. ऐकणारा थबकतो तो ‘ही गादी झोपू देईल तर ना’ या शब्दांवर. ‘झोपलो असतो गं, पण’ ही त्या वाक्याची पायरी आहे आणि ती काढली तरी उत्तर तितकेच चपखल राहते. बाईचे दुसरे वाक्य हुकाचा अर्थ सांगते, पण तो सांगण्याची गरज नसते. त्यानंतर निवेदक ‘जुन्या गादीमुळे पाठ दुखते?’ असे विचारतो, तेव्हा नवरा-बायकोने नुकतेच सांगितलेले तो दुसऱ्या आवाजात पुन्हा विचारत असतो. लांबलेल्या संहितांमध्ये हा दोष मला सर्वाधिक वेळा दिसला आहे: लेखकाचा हुकावर विश्वास बसत नाही, म्हणून तो लगेच दुसरा हुक जोडतो. निवेदकाचे दोन्ही प्रश्न आणि ‘काळजी सोडा’ गेल्याने चार सेकंद मोकळे झाले आणि ऑफर हुकाला थेट चिकटली. गादी झोपू देत नाही, मग ती द्या आणि सूट घ्या. हा सांधा जुळतो की नाही हे मी नेहमी तपासतो. हुक गादीचा आणि ऑफर पलंगाची असती, तर हुक कितीही चांगला असला तरी बदलावा लागला असता.

पंचवीस वर्षांच्या सेवेवर मालकाचा जीव होता आणि त्याचे मला वाईट वाटले, कारण ती वर्षे खरी होती. तरीही ते वाक्य हुक आणि ऑफर यांच्या बरोबर मध्ये उभे होते आणि जवळजवळ चार सेकंद घेत होते. ते दुकानाच्या फलकासाठी ठेवले. ‘खास’, ‘भव्य’, ‘तब्बल’ आणि ‘भरघोस’ यांबद्दल वाद झालाच नाही; दोन हजार हा आकडा स्वतःच पुरेसा बोलतो.

फोन नंबर काढताना मात्र वाद झाला. गाडी चालवणारा किंवा स्वयंपाक करणारा माणूस एकदा ऐकून दहा आकडे लक्षात ठेवत नाही, आणि ते नीट वाचायला तीन-चार सेकंद लागतात. ‘बसस्थानकासमोर’ हे एका शब्दात लक्षात राहते. ज्यांचा धंदा फोनवरच चालतो त्यांनी उलट पत्ता काढावा. दोन्ही ठेवू नयेत.

सर्वाधिक सावधगिरी ऑफर कापताना लागते. ‘अटी लागू’ म्हणजे नेमके काय, असे विचारल्यावर मालकाने सांगितले की सूट दहा हजारांपुढच्या डबल गाद्यांवरच आहे. म्हणजे ती अट ऑफरचाच भाग होती आणि मूळ संहितेत ती बोललीच जात नव्हती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जी महत्त्वाची माहिती वगळल्याने जाहिरात दिशाभूल करणारी ठरते ती ‘अटी लागू’सारख्या सूचनेआड लपवता येत नाही. आणि सहा हजारांची गादी घ्यायला आलेला ग्राहक काउंटरवर भांडतो, ते वेगळेच. म्हणून येथे मी संहिता कापली नाही, उलट दीड सेकंद वाढवली. काय द्यायचे, कशावर, किती आणि कधीपर्यंत, यांतील काहीही गाळले तर ती ऑफर उरत नाही.

शेवटची संहिता अशी झाली:

(टिकटिक)
बाई: अहो, झोपलात का?
पुरुष: ही गादी झोपू देईल तर ना!
निवेदक: जुनी गादी द्या, दहा हजारांपुढच्या कोणत्याही डबल गादीवर दोन हजार रुपये सूट. फक्त पंधरा नोव्हेंबरपर्यंत. गादी भांडार, बसस्थानकासमोर. जुनी गादी द्या, दोन हजार वाचवा. गादी भांडार.

ही संहिता अठरा सेकंदांत बसली. जागा सुटल्यामुळे ऑफर दोनदा घेता आली, जे ३४ सेकंदांच्या संहितेत जमले नव्हते. उरलेले दोन सेकंद मी मुद्दाम मोकळे ठेवले, कारण पुरुषाच्या उत्तरानंतर क्षणभर शांतता नसेल तर ते ऐकूच येत नाही.

कापण्याऐवजी कलाकाराला भरभर वाचायला लावण्याचा किंवा रेकॉर्डिंगची गती वाढवण्याचा मोह होतो. तो कोठे महागात पडतो हे जोडाक्षरांवर कळते: ‘बसस्थानकासमोर’मधला ‘स्था’ आणि ‘एक्स्चेंज’मधला ‘क्स्चे’ गिळले जाऊ लागले की गती वाजवीपेक्षा जास्त झाली असे समजावे. त्यापुढची कसोटी म्हणजे संहिता न पाहिलेल्या दोघा-तिघांना स्पॉट एकदाच ऐकवावा, दोन मिनिटे दुसरे काही बोलावे आणि मग काय, किती आणि कोठे मिळते ते विचारावे. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगला अट कोणालाच आठवली नाही, तेव्हा ‘दहा हजारांपुढच्या’ यावर जोर देऊन ते वाक्य पुन्हा वाचून घेतले.

तुमच्या संहितेत दोन ऑफर असतील, तर मात्र या पद्धतीने त्या २० सेकंदांत बसणार नाहीत. अशा वेळी हुक तोच ठेवून दोन वेगळे स्पॉट करावेत आणि ते आलटून पालटून लावण्यास स्टेशनला सांगावे.