बाबांचं लिव्हर खराब आहे, आता बरळायला लागलेत

डोळे पिवळे, पोट फुगलंय. कालपासून दिवसा झोपतात, रात्री बरळतात. उद्या ओपीडीला न्यावं का? आम्ही कोल्हापुरात आहोत.

उद्या नको, आत्ताच सीपीआरच्या किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. कावीळ आणि पोटातलं पाणी सहसा हळूहळू वाढतं, पण बरळणारा पेशंट काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. आतड्यातला अमोनिया थकलेल्या लिव्हरला गाळता येत नाही आणि तो मेंदूपर्यंत पोहोचतो. हात ताठ पुढे धरून पंजे मागे वळवायला सांगितले की ते फडफडतात. डॉक्टर हेच बघतील.

मग हे कशामुळे उसळलं ते शोधतात: बद्धकोष्ठता, काळी शौच म्हणजे आतला रक्तस्राव, झोपेची गोळी (घरात कुणी दिली असेल तर लपवू नका), किंवा पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग. त्यासाठी सुईने थोडं पाणी काढतात. घन मिलिमीटरमागे 250 किंवा जास्त न्यूट्रोफिल पेशी निघाल्या, की लगेच अँटिबायोटिक.

मुख्य औषध लॅक्टुलोज. दिवसाला 2-3 मऊ शौच होतील एवढाच डोस. जुलाब लागले तर अंगातलं पाणी घटून बरळणं उलट वाढतं. घरी आल्यावर मीठ कमी करा, डाळ-दूध मात्र आपल्या मनाने तोडू नका.