जिनिंगच्या ऑडिटसाठी बाकी कागदांचा मेल असा लिहितो

प्रश्न: मी सीए फर्ममध्ये नवीनच ऑडिट सीनियर झालोय. वर्षअखेरच्या ऑडिटआधी क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांना बाकी कागदांची यादी मेल करतो, मुदतही देतो, तरी पहिल्या दिवशी निम्मे कागद नसतात. मेल कसा लिहावा?

उत्तर:

मी जळगाव-धुळे पट्ट्यातल्या जिनिंग आणि डाळ मिलांची ऑडिट करतो. एका जिनिंग कंपनीचंच उदाहरण घेतो, कारण मेल कसा लिहायचा हे मी तिथे शिकलो.

पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं, "31 मार्चच्या स्टॉकची माहिती द्यावी." मुनीमभाऊंनी त्याच संध्याकाळी टॅलीचा स्टॉक समरी पाठवला. त्यांच्या दृष्टीने काम झालं. मला हवी होती गाठींची लॉटवार यादी. आठ दिवसांनी मी पुन्हा तेच मागितलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "भाऊ, तुमले नेमकं काय जोयजे?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. माझ्या ओळीवरून ते काम कधी पुरं झालं हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. आता तीच ओळ मी अशी लिहितो:

"4. 31 मार्च रात्रीची रुईच्या गाठींची यादी: लॉट नंबर, प्रेस मार्क, गाठींची संख्या, प्रत्यक्ष वजन किलोत. सरकी आणि कपास वेगळ्या पानावर, क्विंटलमध्ये. एक्सेलमध्ये. कोण देणार: गोडाऊन कीपर. केव्हा: 22 एप्रिल. कशासाठी: मोजणीच्या दिवशी आपण दोघांनी सही केलेल्या पानांशी जुळवायला."

वजन प्रत्यक्ष मागतो, कारण गाठ साधारण 170 किलोची धरली तरी प्रत्येक गाठीचं वजन थोडं वेगळं असतं. संख्येला 170 ने गुणून वजनाचा रकाना भरून दिला, तर वजनाला संख्येने भागल्यावर प्रत्येक ओळीत नेमके 170 च येतात. तेव्हा काट्याची नोंद पाहिलेली नाही हे लगेच ओळखता येतं.

आता मुदतीबद्दल. सगळ्या ओळींना एकच तारीख दिली, तर सगळं त्या तारखेच्या आदल्या रात्री येतं किंवा येतच नाही. मी फील्डवर्कच्या तारखेपासून मागे मोजतो. आम्ही 4 मेला बसणार होतो. ज्या कागदाचं उत्तर तिसऱ्याच माणसाकडून यायचं असतं, तो सगळ्यात आधी मागतो. ज्यांच्याकडून येणं आहे त्या पार्ट्यांच्या बाकीची पत्रं घ्या. ती क्लायंटच्या लेटरहेडवर, त्यांच्या सहीने जातात, पण टपालात आम्ही टाकतो आणि उत्तर थेट आमच्या पत्त्यावर येतं. SA 505 नुसार त्या पत्रव्यवहारावर ताबा ऑडिटरचा राहिला पाहिजे. म्हणजे पार्ट्यांची यादी, पत्ते आणि मेल आयडी मला 17 एप्रिललाच हवेत आणि सह्या 20 ला. तरच उत्तराला दोन आठवडे मिळतात. बँकेच्या बाकीच्या पत्रालाही खातेदाराची सही लागते, म्हणून तेही याच पहिल्या गटात. लेजर, व्हाउचर, बिलं ऑफिसातच असतात. ती 30 एप्रिलपर्यंत चालतात आणि मेलमध्येही शेवटी येतात.

आता ज्या ओळीमुळे खरा फरक पडला, ती सांगतो. मी लिहिलं होतं: "5. बँकेला दिलेलं मार्चचं स्टॉक स्टेटमेंट, जसं दिलं तसं, पोचसह. टॅलीशी फरक असल्यास फरकाचा तक्ता." कंपनीची कॅश क्रेडिट मर्यादा पाच कोटींच्या वर होती. अशा मर्यादेला बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटं पुस्तकांशी जुळतात का, हे CARO 2020 खाली आम्हाला रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. स्टेटमेंटमध्ये 1,240 गाठी होत्या, पुस्तकात 1,175. फरक 65 गाठींचा.

हा फरक फील्डवर्कच्या तिसऱ्या दिवशी सापडला असता, तर शोधाशोधीतच दिवस गेले असते. कागद 22 एप्रिलला हातात आल्यामुळे मी दुसऱ्याच दिवशी मेलमध्ये नवी ओळ घातली: "5क. 30 मार्च ते 2 एप्रिल: विक्री बिलं, काटा पावत्या, गेटपास, सौदा चिठ्ठ्या." चार दिवसांचे कागद, एवढंच. त्यातून उलगडलं. 65 गाठींचं बिल 31 मार्चला फाडलं होतं, ट्रक मात्र 1 एप्रिलच्या सकाळी गेटबाहेर पडला. गोडाऊन कीपरने उभ्या गाठी मोजून बँकेला दिल्या, मुनीमभाऊंनी बिलावरून कमी केल्या. दोघांनीही आपापलं काम प्रामाणिकपणे केलं होतं. निकाल लागला तो दलालाच्या सौदा चिठ्ठीवर: माल खरेदीदाराच्या मिलमध्ये पोहोचून पास झाल्यावर सौदा पुरा. म्हणजे 31 मार्चला जोखीम विकणाऱ्याकडेच होती. विक्री एप्रिलमध्ये गेली, गाठी साठ्यात परत आल्या. चिठ्ठीवर जिनिंगमध्येच डिलिव्हरी लिहिलेली असती, तर उत्तर कदाचित उलटं निघालं असतं, म्हणून ती चिठ्ठी नावानिशी मागावी लागते. जीएसटीत ते बिल मार्चच्या GSTR-1 मध्येच राहिलं, त्यामुळे पुस्तकातली आणि जीएसटीची उलाढाल यांच्या ताळमेळात हा फरक वेगळा दाखवावा लागला. तीही एक ओळ यादीत वाढली.

यादीचे क्रमांक मी शेवटपर्यंत बदलत नाही. 4 नंबरचा कागद आला तरी 5 चा 4 करत नाही, कारण तिकडे मुनीमभाऊ प्रिंट काढून भिंतीला लावतात आणि फोनवर नंबरानेच बोलतात. प्रत्येक ओळीपुढे तीनच शेरे: आलं, अपुरं, बाकी. "अपुरं" लिहिलं की काय कमी आहे ते त्याच ओळीत लिहा, जसं "पान 3 नाही". पूर्वी मी हा शेरा ठेवत नव्हतो. मी "बाकी" लिहायचो, ते "दिलं आहे" म्हणायचे, आणि दोघांचंही खरं असायचं.

विषयाच्या ओळीत आकडा आणि पहिली तारीख ठेवा: "31 मार्च ऑडिट: 14 पैकी 9 बाकी, पहिली मुदत 17 एप्रिल." ओळीपुढे खात्याचं नाव नको, माणसाचं नाव हवं, आणि मेल त्या माणसाला थेट गेला पाहिजे. मालकांना फक्त प्रत. पहिल्याच मेलपासून मालकांना पुढे केलं, तर मुनीमभाऊंना ती तक्रार वाटते. मी मेल मराठीत लिहितो, कारण गोडाऊन कीपरही तो वाचतो.

येणं असलेल्या पार्टीचं उत्तर आलंच नाही, तर तिच्यासाठी एप्रिलमध्ये जमा झालेली रक्कम, बिल, काटा पावती आणि माल पोचल्याची पावती पाहता येते. ते कागदही आत्ताच मागून ठेवा. पण क्लायंटच देत नसेल असा कागद आपण अंदाजाने भरून काढू शकत नाही. दोन मुदती टळल्या की मी पार्टनरना सांगतो आणि मेलमध्ये सरळ लिहितो: "7 नंबर 29 एप्रिलपर्यंत आला नाही, तर ही बाब रिपोर्टमध्ये कशी मांडायची याचा निर्णय पार्टनर घेतील." आणि तो मेल पाठवण्याआधी मुनीमभाऊंना फोन करतो. गेल्या खेपेला फोनवरच कळलं की 7 नंबरचं भाडेपत्र मालकांच्या घरच्या कपाटात होतं.