न थांबता ऐकू येणारा थांबा

प्रश्न: एका उताऱ्याचं वाचन रेकॉर्ड केलं. त्यात 'जुन्या घरातल्या कपाटात चाव्या सापडल्या' असं वाक्य आहे. ऐकणारी मैत्रीण म्हणते, 'जुन्या'नंतर तू थांबलीस, त्यामुळे कपाट जुनं वाटतं. मी तिथे अजिबात थांबले नव्हते! मग तिला काय ऐकू आलं? आणि अशा थांब्याला मराठीत शब्द काय?

तुम्ही दोघीही खरं सांगताय. कानाला जो थांबा वाटतो, तो दर वेळी शांततेचा नसतो. बोलताना शब्दांचे गट पडतात आणि गट संपला हे सांगायला आवाज दोन गोष्टी करतो. गटाचं शेवटचं अक्षर लांबवतो आणि तिथे सूर वर किंवा खाली नेतो. त्यापुढे शांतता आलीच तर खूण आणखी ठळक होते, पण नाही आली तरी काम भागतं.

तुमचं वाक्य यासाठी अगदी नामी आहे. 'जुनं घरातलं कपाट' आणि 'जुन्या घरातलं कपाट' यांत घोटाळा होत नाही, कारण विशेषणाचं रूपच सांगतं की जुनं काय आहे. पण कपाटाला 'त' लागला की सगळ्यांचं सामान्यरूप होतं. घर जुनं असो वा कपाट, दोन्हीकडे 'जुन्या'च. व्याकरणाने हात वर केले की निवाडा आवाजाकडे जातो.

घर जुनं असेल तर 'जुन्या घरातल्या' हा एक गट होतो. 'जुन्या' पटकन उरकतं, 'ल्या' रेंगाळतं, सूर तिथे चढतो आणि 'कपाटात' पुन्हा खालून सुरू होतं. कपाट जुनं असेल तर हेच सगळं 'न्या'वर घडतं: 'न्या'मधला 'आ' लांबतो, सूर चढतो आणि 'घरातल्या कपाटात' एका दमात येतं. तुम्ही बहुधा 'न्या' जरासा ओढला असेल. पुढची ओळ नजरेने शोधताना असं हमखास होतं, विशेषतः 'जुन्या' छापील ओळीच्या शेवटी आलं असेल तर.

पडताळायचं असेल तर प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. दोन्ही अर्थ मनात धरून वाक्य दोनदा रेकॉर्ड करा आणि दोन्हींत 'न्या'मधला 'आ' किती लांब आहे ते मोजा, सुराची रेघही बघा. एकच रेकॉर्डिंग बघून मात्र काही ठरवू नका, कारण 'न्या' लांब की आखूड हे दुसऱ्याशी ताडल्याशिवाय कळत नाही. शिवाय 'कपाटात'च्या आधी आलेखात एक सपाट तुकडा दिसेल. तो थांबा नव्हे. 'क' उच्चारताना तोंडातला हवेचा रस्ता क्षणभर पूर्ण बंद होतो, त्याची ती शांतता आहे. एका दमात वाचलं तरी ती असतेच. मी स्वतः सुरुवातीला असे सगळे सपाट तुकडे 'विराम' म्हणून मोजत बसलो होतो. त्या हिशेबाने मी जवळजवळ दर शब्दाला थांबत होतो!

गटाच्या शेवटी सूर कुठे जातो यालाही अर्थ असतो. 'अजून पुढे आहे' हे सांगणारा सूर साधारणपणे वर राहतो आणि वाक्य संपताना खाली येतो. 'चाव्या सापडल्या' हे विधान आहे की प्रश्न, हेही शेवटच्या 'ल्या'वरच कळतं. नवखे वाचक गट नीट पाडतात, पण प्रत्येक गटाला सूर खाली सोडतात. मग एका वाक्याची चार वाक्यं झाल्यासारखी वाटतात.

आता शब्दाचं. 'विराम' चालेल, पण त्यातून शांतताच डोळ्यांपुढे येते. वृत्तांच्या अभ्यासात 'यती' आहे. शार्दूलविक्रीडितात तो बाराव्या अक्षरानंतर येतो आणि तिथे शब्द मधेच तुटला तर यतिभंगाचा दोष धरतात. मात्र त्याची जागा वृत्ताने आधीच नेमलेली असते, गद्यात ती अर्थ ठरवतो. म्हणून मी गटाच्या कडेला नुसतं 'सीमा' म्हणतो आणि तिथल्या चढउताराला 'सीमासूर'. रुळलेला शब्द नाही, पण ऐकताच कळतो.

ही सीमा वाक्यरचनेच्या सांध्यावरच पडते असंही नाही. 'ती म्हणाली की उद्या सुट्टी आहे' यात 'की' रचनेने पुढच्या वाक्याचं, पण बोलताना ते बहुधा 'म्हणाली'ला चिकटतं आणि थांबा त्याच्यानंतर येतो. मराठी छपाईत 'की'च्या पुढे स्वल्पविराम सर्रास दिसतो, तो मला वाटतं या कानाच्या हिशेबानेच आला असावा. तुमच्या वाक्यात मात्र 'जुन्या'नंतर स्वल्पविराम टाकणं विचित्र दिसेल. उतारा तुमचाच असेल आणि कपाटच जुनं असेल, तर सरळ 'घरातल्या जुन्या कपाटात' लिहा. दुसऱ्याचा असेल तर आधीची दोन वाक्यं वाचून काय जुनं आहे ते ठरवा आणि तेवढंच वाक्य पुन्हा रेकॉर्ड करा.