मतभेदाचा प्रसंग सांगताना सहकाऱ्याची बाजू आधी

‘मुलाखतीत सहकाऱ्याशी झालेल्या मतभेदाचा प्रसंग विचारतात. खरे ते सांगितले तर मी चुगली करते आहे असे वाटते आणि सांभाळून बोलले तर उत्तरात काहीच उरत नाही. मग बोलायचे तरी काय?’

हिशेब ठेवणे मी केव्हाच सोडून दिले आहे, इतक्या जणांनी मला हे विचारले आहे. त्यांपैकी पुण्यातील एका सॉफ्टवेअर टेस्टर मुलीचा अनुभव येथे सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिचे पहिले उत्तर असे होते : “आमचा डेव्हलपर फार हट्टी होता. त्याला क्वालिटीशी देणेघेणे नव्हते, रिलीज उरकायची घाई होती.” दोन मुलाखतींत नकार आल्यावर कोणीतरी सौम्य बोलायचा सल्ला दिला, तेव्हा उत्तर झाले : “आमच्यात थोडे मतभेद होते, पण चर्चा करून आम्ही तोडगा काढला.” ही दोन उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध टोकांची वाटतात, पण माझ्या मते दोन्हींत उणीव एकच आहे. वाद नेमका कशावरून झाला, हे दोन्हींतून कळत नाही. पहिल्यात माणसाचा स्वभाव कळतो, दुसऱ्यात तेवढेही नाही.

मी तिला विचारले, “त्याला घाई का होती?”

“मॅडमनी तारीख दिली होती म्हणून असेल.”

“असेल की होती?”

ती गप्प झाली. मग आठवून आठवून सांगू लागली. ग्राहक कंपनीने दिवाळी सेलची जाहिरात आधीच केली होती. सवलतीच्या कूपनचा बदल गुरुवारी गेला नसता, तर जाहीर केलेली सवलत शुक्रवारी मिळालीच नसती. शिवाय कोडमधील बदल लहान होता, त्यामुळे संपूर्ण रिग्रेशन टेस्टिंगसाठी, म्हणजे आधीपासून चालणारे सगळे पुन्हा तपासण्यासाठी, दोन दिवस देणे त्याला पटत नव्हते. हे सगळे तिला ठाऊक होते, पण रागाच्या भरात ते तिच्या गोष्टीत कधी आलेच नव्हते.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सुचवलेला एक नियम मी वर्षानुवर्षे वापरतो : समोरच्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल असे मांडून दाखवल्याशिवाय आपले म्हणणे मांडायचे नाही. जोडप्यांच्या भांडणात तो उपयोगी पडतो हे सर्वज्ञात आहे. मुलाखतीच्या तयारीत तो तितकाच चालतो, हे मात्र माझे मला सापडले आणि त्याचे मला थोडे समाधान आहे. मी तिला म्हटले, “तो डेव्हलपर शेजारच्या खुर्चीत बसला आहे असे समज. त्याने ‘हो, माझे म्हणणे हेच होते’ असे म्हणावे, इतके नीट त्याच्या बाजूने दोन वाक्यांत सांग.”

तिला चार-पाच वेळा सांगावे लागले. ‘हट्टी’ हा शब्द मी खोडायला सांगितला नाही. बाजू नीट मांडली गेली तशी त्या शब्दाला वाक्यात जागाच उरली नाही. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो, कारण सौम्यपणा वरून लावला की उत्तर गुळमुळीत होते, आणि कारण कळल्यामुळे आला की तेच उत्तर नेमके होते.

तिचे अखेरचे उत्तर साधारण असे होते : “सेलची तारीख जाहीर झाली होती आणि बदल लहान होता, म्हणून सहकाऱ्याला गुरुवारी रिलीज हवे होते. मला भीती पेमेंट आणि रिफंडची होती, कारण कूपनची रक्कम दोन्हींकडे वापरली जात होती. कोणत्या टेस्ट पेमेंटशी संबंधित आहेत याची यादी मी त्याला दाखवली आणि तेवढ्याच अर्ध्या दिवसात करण्याचे सुचवले. त्याने नवीन कूपन फीचर फ्लॅगमागे ठेवले, म्हणजे बिघाड झाल्यास ते लगेच बंद करता येईल. रिलीज वेळेवर झाले. पुढे अंशतः रिफंडमध्ये एक चूक निघाली, तेव्हा फ्लॅग बंद करून ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली.”

हे बोलायला दोन मिनिटेही लागत नाहीत. यात ‘मी’ कोठे आहे ते पाहा : यादी केली, दाखवली, सुचवले. आधीच्या उत्तरातील ‘आम्ही तोडगा काढला’ या वाक्यात तिचा वाटा दिसत नव्हता, आणि मुलाखत घेणाऱ्याला तर तोच तपासायचा असतो. रिफंडची चूक वगळावी, असे तिला वाटत होते. मी ती ठेवायला लावली. सगळे सुरळीत झाले असे सांगितले की ‘मग पुढे काय झाले?’ हा प्रश्न येतोच आणि तेथे गाडी अडते.

‘त्या सहकाऱ्याला विचारले तर तो काय सांगेल?’ हा उपप्रश्नही बरेचदा येतो. ज्याने त्याची बाजू आधीच मांडली आहे, त्याला तो जड जात नाही. मात्र प्रसंग निवडताना एक पथ्य पाळावे. सहकाऱ्याने खोटे आकडे दिले, अपमान केला किंवा त्रास दिला, असे काही घडले असेल तर तो प्रसंग या प्रश्नासाठी घेऊ नये. तेथे त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडता येत नाही आणि मांडावी असा आग्रहही मी धरणार नाही. ज्यात दोघांचेही म्हणणे रास्त होते आणि वेळ किंवा माणसे अपुरी होती, असा कामाचाच वाद शोधावा.