परगावी माणूस गेला तर आधी कागद, मग गाडी

प्रश्न : मामा दिल्लीला मुलीकडे गेले होते, तिथेच हॉस्पिटलमध्ये रात्री नऊला वारले. गडहिंग्लजला सगळे वाट बघत होते पण कोणालाच काही सुचेना, शेवटी दिल्लीतच उरकलं. गावी आणता आलं असतं का?

आलं असतं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाही, तिसऱ्या दिवशी पहाटे. घरच्यांना हे पहिल्या फोनमध्येच स्पष्ट सांगायचं, नाहीतर गावात लाकडं रचून लोक दिवसभर बसून राहतात.

तुमचाच हिशोब धरू. रात्री नऊला मृत्यू, बॉडी हॉस्पिटलच्या शवागारात कोल्ड स्टोरेजमध्ये. त्या रात्री एकच काम करायचं, डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला म्हणजे फॉर्म ४ घ्यायचा आणि त्यावरचं नाव-वय आधार कार्डाशी ताडून बघायचं. सकाळी दोघांनी कामं वाटून घ्यायची, एकाने हॉस्पिटल ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथून एनओसी आणायची, दुसऱ्याने एम्बामिंगचं बघायचं. एम्बामिंग म्हणजे मांडीतल्या किंवा मानेतल्या रक्तवाहिनीतून फॉर्मॅलिनचं द्रावण शरीरात सोडतात, त्याने बॉडी खराब होत नाही. दिल्लीत एम्सचा अ‍ॅनाटॉमी विभाग हे करतो, बाकी शहरांतही बहुतेक मेडिकल कॉलेजमध्ये होतं. दोन-तीन तास धरा. एम्बामिंगचा दाखला, मग शवपेटी, आणि पेटी सीलबंद केल्याचा वेगळा दाखला. या दोन दाखल्यांशिवाय एअरलाइन पेटीला हात लावत नाही.

बुकिंग कार्गोत होतं, पॅसेंजर काउंटरवर नाही, आणि कार्गो टर्मिनलचं गेटच वेगळं असतं, तिथेच लोकांचा तासभर जातो. पैसे पेटीसकट वजनावर लागतात. पेटी विमानाच्या चार-पाच तास आधी पोचवायची, म्हणजे संध्याकाळी सातची फ्लाइट असेल तर दुपारी दोन-तीनला. सगळ्या कागदांचे पाच-सहा सेट झेरॉक्स जवळ ठेवा, प्रत्येक टेबलावर एक सेट जातो. मध्ये विमान बदलायचं नाही, थेट पुण्याची फ्लाइट घ्यायची, नाहीतर पेटी मधल्याच विमानतळावर अडकू शकते. छोट्या विमानतळांचं आधी कार्गोत फोन करून विचारा, कारण लहान विमानात पेटी जाईलच असं नाही.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात, एअरवे बिलावर, म्हणजे कार्गोच्या पावतीवर, घेणारा म्हणून त्याचंच नाव टाका जो पुण्याला ओळखपत्र घेऊन उभा असेल. माझ्या ओळखीत एकदा सोबत येणाऱ्या मुलाचंच नाव टाकलं, पेटी पुढच्या विमानाने गेली आणि मुलाला त्याच विमानात जागाच मिळाली नाही, तो सकाळी पोचेपर्यंत पुण्यात पेटी कोणाच्या ताब्यात देता येईना. सव्वानऊला विमान उतरलं तर पेटी हातात यायला साडेदहा, पुढे गडहिंग्लज तीनशे किलोमीटर, पहाटे चार-साडेचार.

मामा बेंगळुरूला असते तर मी विमान म्हटलंच नसतं. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर, फ्रीझर असलेली शववाहिका रात्री निघाली की सकाळी दारात, आणि राष्ट्रीय महामार्गावर शववाहिकेला टोल नाही. दिल्लीहून रस्त्याने मात्र तीस तासांच्या वर, फ्रीझर बंद पडला तर मध्येच कुठे थांबणार?

आणि गावात पोचल्यावर पेटी उघडताना तोंड वाकवून जवळ जाऊ नका, फॉर्मॅलिनने डोळे-नाक झोंबतात. पेटीला आतून पत्रा असतो, म्हणून ती चितेवर तशीच ठेवायची नाही. पेसमेकर असेल तर तो दिल्लीतच काढून घ्यायला सांगा, आगीत फुटतो.

प्रश्न : वडील सुरतला जिन्यावरून पडले, चार दिवस आयसीयूत होते, मग गेले. डॉक्टर म्हणाले पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम लागणार. हॉस्पिटलमध्येच गेले तर पीएम कशाला? दीड दिवस गेला त्यात.

कारण सुरुवात पडण्यापासून झाली. पडणं, अपघात, भाजणं, विष, अशा केसमध्ये माणूस चार दिवसांनी बेडवर गेला तरी ती पोलीस केसच राहते, पोलीस आधी पंचनामा करतात मग पीएम. इथे भांडून उपयोग नाही, पण एक चूक टाळता येते, पीएमच्या आधी एम्बामिंग अजिबात करून घ्यायचं नाही, कारण ते द्रावण शरीरात गेलं की विषाचा वगैरे पुरावा तपासता येत नाही. कोणी एजंट घाई करत असेल तरी नाही.

वेळ वाचतो तो ठाण्यातून हॉस्पिटलला कागद लवकर गेला तर. एक जण ठाण्यातच बसून राहिला पाहिजे. २०२१ पासून जिथे दिव्यांची-उपकरणांची सोय आहे तिथे सूर्यास्तानंतरही पीएम करता येतं, पण खून, आत्महत्या किंवा संशयाच्या केस सहसा रात्री घेत नाहीत. साधं पडणं असेल तर रात्रीचं होईल का हे विचारा, स्वतःहून कोणी सांगत नाही.

बिल बाकी आहे म्हणून बॉडी अडवली तर रुग्ण हक्कांच्या सनदेत बॉडी ताब्यात मिळण्याचा हक्क आहे, तो लेखी अर्जात लिहा आणि प्रत ठाण्यात द्या. नुसतं तोंडी ओरडून काही होत नाही.

प्रश्न : तिथेच दहन करून फक्त अस्थी आणल्या तर दहावा-तेरावा गावी होईल ना? सासूबाई म्हणतात काहीतरी राहून जातं.

होतो की, खूप जण तसंच करतात आणि मला विचाराल तर लांबच्या शहरात मी आधी हेच सुचवतो. पण सासूबाई म्हणतात ते एका अर्थी खरं आहे, राहतो तो जीवखडा. आपल्याकडे चितेभोवती मडकं घेऊन फिरताना ज्या दगडाने ते फोडतात तोच पुढे दहा दिवस जपून दहाव्याला वापरतात, कुठे त्याला अश्मा म्हणतात. उत्तरेतल्या स्मशानातले गुरुजी आपल्या पद्धतीने करतीलच असं नाही, आणि नंतर आठवलं तर दगड कुठून आणणार? जाणाऱ्या मुलाला आधीच फोनवर सांगून ठेवा.

विद्युतदाहिनी असेल तर अस्थी त्याच दिवशी मिळतात. विमानात नेताना तांब्या-पितळेचा कलश नको, एक्स-रेमध्ये आतलं दिसत नाही आणि मग उघडायला लावतात. मातीचं मडकं फडक्यात बांधून न्या, सोबत दहनाची पावती आणि मृत्यूच्या कागदाची झेरॉक्स ठेवा.

प्रश्न : आम्ही गावी आणून दहन केलं, आता ग्रामपंचायत म्हणते मृत्यू दाखला आम्ही देणार नाही.

बरोबर म्हणते. नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, जिथे दहन झालं तिथे नाही. हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर हॉस्पिटलनेच तिथल्या निबंधकाला कळवलेलं असतं, तिथून दाखला मागवा. घरी गेले असतील तर कळवायचं काम घरच्यांचं, मुदत २१ दिवस, पुढे ३० दिवसांपर्यंत लेट फी आणि त्यानंतर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश. चालत्या गाडीत किंवा ट्रेनमध्ये गेले असतील तर गाडी जिथे पहिली थांबली ते ठिकाण धरतात.

दाखला आला की आडनावाचं स्पेलिंग बघा. फॉर्म भरणारा परक्या भाषेतला क्लार्क असतो, त्याला कुलकर्णी आणि कुलकरनी सारखेच, आणि ते समजतं सहा महिन्यांनी बँकेत.